एलएलपीची नोंदणी आणि प्रमाणपत्रानंतरचे तीस दिवस

मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे व्यवहारात सगळे जिला एलएलपी म्हणतात ती, हा भारतातला तुलनेने नवा व्यवसायप्रकार आहे. त्यासाठीचा कायदा २००८ चा असून तो ३१ मार्च २००९ पासून लागू झाला. त्याआधी दोघा-तिघांनी मिळून धंदा करायचा तर दोनच ठळक वाटा होत्या. १९३२ च्या कायद्याखालची भागीदारी पेढी काढणे सोपे होते, पण पेढीचे कर्ज थकले तर भागीदाराच्या राहत्या घरापर्यंत वसुली पोहोचू शकत होती. खासगी मर्यादित कंपनीत ती भीती नव्हती, मात्र सभा, ठराव आणि लेखापरीक्षण यांचा व्याप मोठा होता. एलएलपी या दोन्हींच्या मधली आहे. ती कायद्याच्या दृष्टीने भागीदारांपासून वेगळी व्यक्ती असते. तिची देणी तिच्याच मालमत्तेतून भागवायची असतात आणि भागीदार साधारणपणे आपण कबूल केलेल्या भांडवलापुरताच जबाबदार असतो. याला दोन अपवाद आहेत. फसवणुकीच्या हेतूने धंदा चालवला किंवा स्वतःच्या हातून गैरकृत्य घडले, तर हे संरक्षण मिळत नाही. शिवाय बँकेला वैयक्तिक हमी लिहून दिली असेल, तर त्या कर्जापुरते घर पुन्हा टांगणीला लागतेच. ही गोष्ट कर्जाच्या कागदांवर सह्या करताना बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

नोंदणीचे तीन टप्पे आहेत: भागीदारांची ओळख पटवणे, नाव मंजूर करून घेणे आणि भागीदारांतला करारनामा दाखल करणे. पहिले दोन टप्पे पार पडल्याशिवाय प्रमाणपत्रच मिळत नाही, त्यामुळे लोक ते नेटाने पूर्ण करतात. तिसरा प्रमाणपत्रानंतर येतो आणि नेमका तोच रेंगाळतो. खरे तर पैशांच्या वाटणीचा, अधिकारांचा आणि पुढच्या भांडणांचा संबंध या तिसऱ्या टप्प्याशीच असतो.

हे एका कल्पित उदाहरणावरून पाहणे सोयीचे. कुडाळची एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ कोकम आगळ, सरबत आणि आमसुले तयार करून विकू पाहतात. त्यांचा पुण्याचा मामेभाऊ पैसे घालायला तयार आहे, पण नोकरी सोडून गावी येणार नाही. एकूण भांडवल ४ लाख रुपये ठरते. त्यातले २ लाख मामेभावाचे, तर बहीण-भावाचे प्रत्येकी १ लाख. रोजचा कारखाना बहीण पाहणार आणि विक्रीसाठी भाऊ फिरणार.

एलएलपीला किमान दोन भागीदार लागतात आणि वरची मर्यादा नाही. त्यांपैकी किमान दोघे ‘डेझिग्नेटेड पार्टनर’, म्हणजे नियुक्त भागीदार असावे लागतात. सरकारदरबारी विवरणपत्रे भरण्याची आणि कायद्याचे पालन करण्याची जबाबदारी त्यांच्यावर असते, आणि दंडही त्यांनाच भरावा लागतो. ते हाडामांसाचे माणूसच असावे लागतात. एखादी कंपनी भागीदार असेल, तर तिला आपला प्रतिनिधी नेमावा लागतो. नियुक्त भागीदारांपैकी किमान एक जण भारतात निवासी हवा, म्हणजे आर्थिक वर्षात किमान १२० दिवस त्याचे वास्तव्य इथे असले पाहिजे. २०२१ च्या दुरुस्तीपूर्वी ही अट १८२ दिवसांची होती. अविभक्त हिंदू कुटुंबाला किंवा त्याचा कर्ता या नात्याने कोणालाही भागीदार होता येत नाही, असे सरकारने परिपत्रकाने स्पष्ट केले आहे. कुटुंबाच्या नावावर धंदा करण्याची सवय असलेल्या घरांत हे आधीच पाहून घ्यावे लागते. कुडाळच्या उदाहरणात बहीण आणि भाऊ नियुक्त भागीदार होतील आणि मामेभाऊ साधा भागीदार राहील.

प्रत्येक नियुक्त भागीदाराला एक ओळख क्रमांक लागतो. पूर्वी तो एलएलपीसाठी वेगळा असे. आता कंपनीच्या संचालकाला मिळणारा ‘डिन’ हाच क्रमांक दोन्हीकडे चालतो. ज्याच्याकडे तो नाही त्याला वेगळा अर्ज करण्याची गरज नसते. एलएलपी स्थापनेच्या अर्जातच पाच जणांपर्यंत नवे क्रमांक मागता येतात. मात्र एका माणसाला आयुष्यात एकच डिन घेता येतो. दहा वर्षांपूर्वी कोणा मित्राच्या कंपनीत नावापुरता संचालक झालेला माणूस ते विसरून जातो, नवा क्रमांक मागतो आणि अर्ज अडकतो. जुना क्रमांक केवायसी न भरल्यामुळे निष्क्रिय झाला असेल, तर तोच आधी दंड भरून जिवंत करावा लागतो.

क्रमांकाबरोबर डिजिटल सही लागते. ही ‘क्लास ३’ प्रतीची सही परवानाधारक संस्थांकडून मिळते आणि पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या टोकनमध्ये येते. ती कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर त्या माणसाच्या खात्याला जोडली की अर्जावर वापरता येते.

या टप्प्यावर बहुतेक अर्ज नावांमुळे अडतात. पॅन कार्ड, आधार आणि डिजिटल सही या तिन्ही ठिकाणी नाव एकसारखे हवे. मराठी घरांत याचा घोळ ठरलेला. उदाहरणातल्या बहिणीचे पॅन लग्नाआधीचे असेल, तर त्यावर माहेरचे आडनाव आणि मधे वडिलांचे नाव असते. आधार लग्नानंतर बदललेले असेल, तर त्यावर सासरचे आडनाव आणि मधे नवऱ्याचे नाव असते. संगणकाच्या लेखी या दोन वेगळ्या बायका होतात. शिवाय डिनच्या माहितीत विवाहित स्त्रीलाही वडिलांचेच नाव द्यावे लागते आणि तिथे नवऱ्याचे नाव लिहिले, की अर्ज परत येतो. उपाय एकच: कुठलीही फी भरण्याआधी पॅन आणि आधार एका नावावर आणायचे. यात दोन-तीन आठवडे जातात, पण मधेच अर्ज अडकण्यापेक्षा हा उशीर परवडतो.

दुसरा टप्पा नावाच्या मंजुरीचा. यासाठी दोन मार्ग आहेत. ‘रन-एलएलपी’ या सेवेतून २०० रुपये भरून पसंतीक्रमाने दोन नावे सुचवता येतात. नाव मंजूर झाले, की ते तीन महिने राखून ठेवले जाते आणि तेवढ्यात स्थापनेचा अर्ज करावा लागतो. किंवा थेट स्थापनेच्या अर्जातच नाव मागता येते. नाव अगदी वेगळे असेल, तर दुसरा मार्ग वेळ वाचवतो. शंका असेल तर पहिला बरा, कारण तिथे नकार आला तरी बाकीचे कागद तयार करण्याचा खटाटोप वाया जात नाही. ही तपासणी हरियाणातल्या मानेसर इथल्या केंद्रीय नोंदणी केंद्रात होते, त्यामुळे मुंबई, पुणे किंवा पणजीच्या निबंधक कार्यालयात खेपा घालून नाव लवकर मिळत नाही.

नावाच्या शेवटी ‘एलएलपी’ किंवा ही संज्ञा पूर्ण लिहिलेली हवी. ते आधीच्या कोणत्याही एलएलपीशी, कंपनीशी किंवा नोंदणीकृत ट्रेडमार्कशी सारखे किंवा फार जवळचे असता कामा नये. ‘फार जवळचे’ याचा अर्थ तपासनीस बराच व्यापक घेतो. समजा ‘मालवणी अंगण फूड्स’ नावाची कंपनी आधीपासून आहे. मग ‘अंगण’चे ‘आंगन’ केले, ‘फूड्स’चे ‘फूड’ केले, शब्द मागेपुढे केले किंवा आधी ‘न्यू’ लावले, तरी नाव वेगळे धरले जाण्याची आशा नसते. नुसते गावाचे नाव जोडूनही फारसे साधत नाही. निव्वळ वर्णनात्मक नाव, म्हणजे गाव किंवा प्रदेश अधिक मालाचे नाव, हेही अडते, कारण तशी नावे आधीच अनेकांनी घेतलेली असतात. बँक किंवा विमा असे शब्द नियामकाच्या संमतीशिवाय वापरता येत नाहीत. सरकारशी संबंध असल्याचा भास देणारे शब्दही चालत नाहीत.

कंपन्यांच्या यादीत शोधून लोक थांबतात आणि ट्रेडमार्कची यादी पाहायची राहते. नावाने होणाऱ्या नुकसानात ही चूक सर्वांत महागात पडते. ट्रेडमार्क मालाच्या वर्गानुसार नोंदवले जातात, म्हणून आपला माल ज्या वर्गात मोडतो तो शोधून पाहावा लागतो. लोणची आणि टिकवलेली फळे २९ व्या वर्गात येतात, मसाले ३० व्या आणि सरबते ३२ व्या. कोकमाचा धंदा करणाऱ्यांना तिन्ही वर्ग चाळणे भाग आहे. नजरचुकीने नाव मंजूर झाले, तरी धोका टळत नाही. नोंदणीकृत ट्रेडमार्कचा मालक तीन वर्षांच्या आत आक्षेप घेऊ शकतो आणि सरकार नाव बदलण्याचा आदेश देऊ शकते. आदेश पाळला नाही, तर सरकार स्वतःच नवे नाव लावते. त्या नावात ORDNC ही अक्षरे, आदेशाचे वर्ष, अनुक्रमांक आणि एलएलपीचा नोंदणी क्रमांक एवढेच असते. असे नाव बाटलीच्या लेबलावर छापायची कोणाची इच्छा असणार?

कुडाळच्या भागीदारांनी रातांब्यावरून एक नवा शब्द घडवला, त्याला ‘अॅग्रो प्रॉडक्ट्स एलएलपी’ जोडले आणि तिन्ही वर्गांत तो कोणाचा नाही हे पाहिले, तर त्यांचा हा टप्पा एका फेरीत पार पडायला हरकत नाही.

पोर्टलवर FiLLiP या नावाने असलेला अर्ज हा स्थापनेचा खरा अर्ज. त्यात भागीदारांची माहिती, प्रत्येकाचा भांडवली वाटा, धंद्याचे स्वरूप आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता भरायचा असतो. भागीदारांनी साक्षीदारासमोर सह्या केलेला पत्रक-संमतीचा कागद जोडायचा असतो, आणि शेवटी व्यवसाय करणाऱ्या सीए, सीएस किंवा कॉस्ट अकाउंटंटने तो प्रमाणित करायचा असतो. फी भांडवलावर ठरते. एक लाखापर्यंत ५०० रुपये, त्यापुढे पाच लाखांपर्यंत २,०००. म्हणजे या उदाहरणात २,००० रुपये. कार्यालय राहत्या घरात असले तरी चालते, पण दोन महिन्यांपेक्षा जुने नसलेले वीजबिल किंवा तसाच पुरावा आणि मालकाचे ना-हरकत पत्र द्यावे लागते. गावाकडे वीजबिल अजून दिवंगत आजोबांच्या नावावर असणे ही नवलाची गोष्ट नाही. अशा वेळी ना-हरकत पत्र देणारा मालक आणि बिलावरचा मालक जुळत नाहीत आणि त्रुटी निघते. बिल आधीच हयात मालकाच्या नावावर करून घेतलेले बरे. त्रुटी निघाली, तर ती दुरुस्त करायला पंधरा दिवस मिळतात.

अर्ज मंजूर झाला की स्थापनेचे प्रमाणपत्र, एलएलपीचा सात खुणांचा नोंदणी क्रमांक, आणि एलएलपीचे पॅन व टॅन मिळतात. त्या तारखेला एलएलपी अस्तित्वात येते.

मात्र प्रमाणपत्र एवढेच सांगते, की अमुक नावाची संस्था जन्माला आली. तिच्यातला नफा कोणाचा किती, पगार कोण घेणार, मतभेद झाल्यास कोणाचे चालणार, यावर ते काहीच बोलत नाही. ते करारनाम्यात ठरते आणि त्याची माहिती ‘फॉर्म ३’ मधून प्रमाणपत्राच्या तारखेपासून ३० दिवसांत दाखल करायची असते. प्रमाणपत्र ३ जूनला मिळाले, तर मुदत ३ जुलैला संपते.

करारनामा केलाच नाही तर? कायद्याने ती पोकळी मोकळी सोडलेली नाही. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले नियम आपोआप लागू होतात. ते नियम वाचले, की करार टाळणे कोणाला परवडते आणि कोणाला नाही हे कळते. अनुसूचीनुसार भांडवल, नफा आणि तोटा यांत सर्व भागीदारांचा वाटा समान असतो, मग कोणी किती घातले याला अर्थ राहत नाही. व्यवस्थापनात भाग घेण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो, पण कामाबद्दल मोबदला मागण्याचा हक्क कोणालाच नसतो. निर्णय डोकी मोजून, बहुमताने होतात. धंद्याचे स्वरूप बदलणे आणि नवा भागीदार घेणे यांना मात्र सर्वांची संमती लागते. करारात स्पष्ट तरतूद नसेल, तर बहुमताने कोणालाही काढता येत नाही.

कुडाळच्या तिघांत तोंडी ठरलेले असे आहे: बहिणीला दरमहा २०,००० रुपये मोबदला द्यायचा आणि उरलेला नफा भांडवलाच्या प्रमाणात, म्हणजे मामेभावाला निम्मा आणि बहीण-भावाला चौथाई-चौथाई वाटायचा. समजा एका वर्षात मोबदला आणि कर यांच्याआधी ९ लाख रुपये नफा झाला. तोंडी ठरल्याप्रमाणे बहिणीचा मोबदला २,४०,००० रुपये वजा केला, की ६,६०,००० उरतात. मग मामेभावाला ३,३०,०००, भावाला १,६५,००० आणि बहिणीला मोबदल्यासह ४,०५,००० मिळायला हवेत. लेखी करार नसेल, तर अनुसूचीप्रमाणे तिघांनाही ३ लाख. बहिणीचे १,०५,००० आणि मामेभावाचे ३०,००० कमी झाले. भावाला मात्र १,३५,००० रुपये जास्त मिळाले. वाद झाला, तर भावाला कायद्यातला तक्ता दाखवणे पुरेसे आहे, आणि तोंडी ठरल्याचा पुरावा देण्याची जबाबदारी दुसऱ्या दोघांवर येते. मतदानातही मामेभावाचे नुकसान होते. निम्मे भांडवल त्याचे असूनही बहीण-भाऊ एकत्र आले, की तो एकाविरुद्ध दोन असा हरतो.

याला आयकराचीही बाजू आहे. एलएलपीच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो, म्हणजे एकूण ३१.२ टक्के. काम करणाऱ्या भागीदाराचा मोबदला कायद्यातल्या मर्यादेत खर्च म्हणून वजा होतो, पण तो करारात लिहिलेला असला तरच, आणि कराराच्या तारखेनंतरच्या काळापुरताच. भांडवलावरचे व्याजही तसेच, वर्षाला १२ टक्क्यांपर्यंत. बहिणीचे २,४०,००० रुपये वजा होऊ शकले नाहीत, तर एलएलपीला ७४,८८० रुपये कर जास्त भरावा लागेल. करार सहा महिने उशिरा केला, तर त्या सहा महिन्यांपुरती वजावट गेली असे समजायचे. मागच्या तारखेचा करार करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. मुद्रांकाच्या खरेदीची तारीख कागदावर असते आणि ती खरी गोष्ट सांगते.

मुद्रांक शुल्क हे राज्याचे असते. महाराष्ट्रात रोख भांडवलावर ते साधारण एक टक्का असून त्याला वरची मर्यादा आहे. ४ लाखांवर म्हणून ४,००० रुपये. कोणी भागीदार पैशांऐवजी जमीन किंवा गाळा भांडवल म्हणून आणत असेल, तर मात्र तो व्यवहार विक्रीसारखा धरला जातो आणि खरेदीखताच्या दराने शुल्क लागते. वडिलोपार्जित गोदाम एलएलपीच्या नावे करण्याऐवजी भाड्याने देणे पुष्कळदा स्वस्त पडते ते यामुळेच. शुल्क सही करण्याआधी किंवा सहीच्या दिवशी भरावे, फार तर लगेचच्या कामाच्या दिवशी. कमी शुल्काचा करारनामा न्यायालयात पुरावा म्हणून घेतला जात नाही. तो चालवायचा तर राहिलेले शुल्क आणि त्यावर दरमहा दोन टक्के दंड भरावा लागतो.

करारनाम्याचा तयार नमुना कुठूनही मिळतो आणि त्यातली बरीच कलमे निर्धोक असतात. विचार करायचा तो चार-पाच ठिकाणी. भांडवल आणि नफ्याचे प्रमाण वेगळे आहे का? मोबदला कोणाला आणि किती? कर्ज काढणे किंवा मोठी यंत्रे घेणे यांसारख्या निर्णयांना साधे बहुमत पुरे की सर्वांची संमती हवी? एखाद्याला बाहेर पडायचे असेल किंवा त्याचा मृत्यू झाला, तर त्याच्या वाट्याचे मोल कसे काढायचे आणि किती हप्त्यांत द्यायचे? मामेभावासारख्या फक्त पैसे घालणाऱ्या भागीदारासाठी हे शेवटचे कलम सर्वांत मोलाचे, आणि नमुन्यात तेच सर्वांत ढोबळ असते.

फॉर्म ३ परत येण्याची कारणे बहुधा क्षुल्लक असतात. एलएलपीच्या नावातले एखादे अक्षर प्रमाणपत्राशी जुळत नाही, कुठल्या पानावर एका भागीदाराची सही राहिलेली असते, किंवा करारातले भांडवल FiLLiP मधल्या आकड्यांशी मिळत नाही. कागद स्कॅन करण्याआधी ते प्रमाणपत्राशेजारी ठेवून एकदा ताडून पाहिले, तर यातल्या बहुतेक चुका तिथेच दिसतात.

मुदत चुकली की जादा फी लागते. ४ लाखांच्या एलएलपीला फॉर्म ३ ची मूळ फी १०० रुपये आहे. १ एप्रिल २०२२ पूर्वी उशीर झाला, तर रोज १०० रुपये भरावे लागत, त्यामुळे वर्षभर विसरलेल्या फॉर्मचा आकडा ३६,५०० वर जाई. कित्येकांनी त्या भीतीने एलएलपीच सोडून दिली. आता जादा फी मूळ फीच्या पटीत आहे. लहान एलएलपी, म्हणजे जिचे भांडवल २५ लाखांपर्यंत आणि उलाढाल ४० लाखांपर्यंत, तिला पंधरा दिवसांच्या उशिरासाठी एक पट, आणि वर्षापेक्षा जास्त उशिराला २५ पट, म्हणजे २,५०० रुपये. रक्कम लहान झाली आहे, त्यामुळे काही जण फॉर्म मुद्दाम पुढे ढकलतात. पण त्या काळात नफ्याची वाटणी वादात सापडू शकते, आणि खाते उघडताना बँकही करारनामा मागते.

पुढे कधी भांडवल वाढले, नफ्याचे प्रमाण बदलले किंवा भागीदार आला-गेला, तर करारात दुरुस्ती करून फॉर्म ३ पुन्हा ३० दिवसांत भरायचा. भागीदार बदलला असेल तर फॉर्म ४ ही त्यासोबत. याखेरीज दरवर्षी ३० मेपर्यंत फॉर्म ११ चे वार्षिक विवरण आणि ३० ऑक्टोबरपर्यंत फॉर्म ८ चे हिशेब व पतविवरण दाखल करावे लागते. वर्षभरात एकही बाटली विकली गेली नसली, तरी ही दोन्ही विवरणे चुकत नाहीत.